कार्बन कुठे, ऊर्जा कुठे?

अकरावीच्या जीवशास्त्रातल्या प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात दोन आकृत्या सगळ्यात जास्त जागा घेतात. एक झेड अक्षरासारखी वरखाली जाणारी. तिच्यात पाणी, इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचे बाण असतात. दुसरी गोल. तिच्यात तीन कार्बनची, पाच कार्बनची संयुगं एकामागून एक मांडलेली असतात. विद्यार्थी दोन्ही आकृत्या पाठ करतात, परीक्षेत बिनचूक काढतात आणि तरीही एका साध्या प्रश्नाला अडखळतात: पानात शिरलेला कार्बन आत्ता नेमका कुठे आहे, आणि सूर्याकडून आलेली ऊर्जा आत्ता नेमकी कुठे आहे?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं बराच वेळ वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. धडा कळायचा असेल, तर प्रत्येक पायरीवर थांबून हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. सुरुवात पुस्तकातल्या समीकरणापासूनच करू.

6CO₂ + 12H₂O → C₆H₁₂O₆ + 6H₂O + 6O₂

डावीकडे पाण्याचे बारा रेणू आणि उजवीकडे पुन्हा सहा. मग दोन्ही बाजूंचे सहा-सहा काढून समीकरण सुटसुटीत का करत नाहीत? कारण बाहेर पडणारा सगळा ऑक्सिजन पाण्यातून येतो. ऑक्सिजनचे सहा रेणू, म्हणजे बारा अणू, मिळायला पाण्याचे बारा रेणू फुटावेच लागतात. उजवीकडचं पाणी नव्याने तयार झालेलं असतं. समीकरण छोटं केलं की ही सगळी वाट नजरेआड होते.

प्रकाश अभिक्रियेत कार्बन नाही

पानाच्या पेशींतल्या हरितलवकात थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात. त्यांच्या पातळ पडद्यात हरितद्रव्य बसवलेलं असतं. प्रकाश अभिक्रिया या पडद्यावर घडते आणि तिच्यात कार्बन कुठेही येत नाही. धड्यातली पहिली पक्की खूणगाठ हीच.

याचा पुरावा 1937 मध्ये मिळाला. केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी पानं वाटून हरितलवकं वेगळी काढली आणि त्यांना कार्बन डायऑक्साइडऐवजी इलेक्ट्रॉन स्वीकारू शकणारा लोहाचा क्षार दिला. उजेड पडताच ऑक्सिजन सुटू लागला. साखर मात्र अजिबात बनली नाही. म्हणजे ऑक्सिजन सुटणं आणि कार्बन बांधला जाणं ही दोन वेगळी कामं होती. पुढे 1941 मध्ये सॅम्युएल रूबेन आणि मार्टिन केमन यांनी क्लोरेला या शैवालाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी दिलं. बाहेर पडलेल्या वायूत जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळलं. ऑक्सिजन पाण्याचाच होता.

आता या पडद्यावर ऊर्जा कशी फिरते ते पाहू. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, प्रकाशप्रणाली-2 मधल्या हरितद्रव्यावर आदळतो आणि तिथला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन निसटतो. मागे राहिलेल्या हरितद्रव्याला इलेक्ट्रॉनची इतकी ओढ लागते, की पाण्यासारख्या स्थिर रेणूकडूनही तो ओढून घेतला जातो. हे काम मँगनीजच्या चार अणूंचा एक गुच्छ करतो. दोन पाण्याच्या रेणूंतून एकेक करत चार इलेक्ट्रॉन निघाले, की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो.

निसटलेला इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जात खाली उतरतो आणि प्रकाशप्रणाली-1 पर्यंत पोहोचतो. तिथे दुसरा फोटॉन त्याला पुन्हा वर उचलतो. शेवटी तो एनएडीपी या रेणूवर जाऊन बसतो आणि एनएडीपीएच तयार होतो. एका इलेक्ट्रॉनच्या या प्रवासाला दोन फोटॉन लागतात. एनएडीपीएचला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे एका एनएडीपीएचमागे चार फोटॉन.

मधल्या उतारावर ऊर्जेचा दुसरा वाटा बाजूला निघतो. इलेक्ट्रॉन खाली येताना हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, पडद्याच्या बाहेरून पिशवीच्या आत ढकलले जातात. पाणी फुटतानाही प्रोटॉन आतच सुटतात. आत त्यांची गर्दी वाढत जाते. धरणात अडवलेलं पाणी जसं टर्बाइनमधूनच खाली सोडतात, तसे हे प्रोटॉन एटीपी सिंथेज या एन्झाइममधूनच बाहेर येऊ शकतात. बाहेर येताना ते या एन्झाइमचा एक भाग अक्षरशः फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी बनतं.

इथे ऊर्जा प्रोटॉनच्या गर्दीत साठलेली असते, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आंद्रे जागेनडॉर्फ यांनी 1966 मध्ये दिला. पालकाच्या हरितलवकांचे पडदे त्यांनी आधी आम्ल द्रावणात, सामू 4 वर, भिजवले. आतली बाजू आम्ल झाल्यावर ते एकदम सामू 8 च्या द्रावणात टाकले आणि एडीपी व फॉस्फेट दिलं. हे सगळं अंधारात केलं, तरीही एटीपी बनलं. प्रकाशाचं काम प्रोटॉनची पातळी आत-बाहेर वेगळी ठेवण्यापुरतं होतं. ती तफावत हाताने निर्माण केली, तर प्रकाशावाचून चालतं.

प्रकाश अभिक्रिया संपते तेव्हा हिशेब असा असतो: ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या दोन रेणूंत आहे, ऑक्सिजन हवेत गेला आहे, आणि कार्बन अजून हवेतच आहे.

बहुतेक ऊर्जा एनएडीपीएचमधून येते

ऊर्जा म्हटलं की एटीपी, आणि एनएडीपीएच म्हणजे फक्त हायड्रोजन आणून देणारा, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसलेली असते. आकडे वेगळंच सांगतात.

ग्लुकोजच्या एका मोलसाठी, म्हणजे 180 ग्रॅमसाठी, 18 मोल एटीपी आणि 12 मोल एनएडीपीएच लागतात. प्रमाणित परिस्थितीत एक मोल एटीपी तुटताना सुमारे 30.5 किलोज्यूल ऊर्जा देतं. अठराचे झाले सुमारे 550. एनएडीपीएचमधल्या इलेक्ट्रॉनांना ऑक्सिजनपर्यंत खाली येऊ दिलं, तर एका मोलमागे सुमारे 220 किलोज्यूल सुटतात. बाराचे झाले 2,640. म्हणजे पुढच्या टप्प्याला मिळणाऱ्या ऊर्जेतला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा एनएडीपीएचचा आहे.

असं का, हे लक्षात यायला कार्बनकडे पाहावं लागतं. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन पूर्ण जळालेला असतो. त्याच्यापासून साखर करायची, तर त्याच्यावर इलेक्ट्रॉन चढवावे लागतात. हे वरच्या पातळीवरचे इलेक्ट्रॉन म्हणजेच साखरेतली ऊर्जा. ते एनएडीपीएच आणून देतो. एटीपी त्या कामासाठी रेणूला तयार करतं आणि चक्र चालू ठेवतं.

एक बारीक अडचणही इथे दिसते. सरळ वाटेने 12 एनएडीपीएच बनवताना जे प्रोटॉन आत जातात, त्यांच्यावर हरितलवकातलं एटीपी सिंथेज साधारण 15 ते 16 एटीपी बनवू शकतं. लागतात 18. ही तूट भरायला काही इलेक्ट्रॉन प्रकाशप्रणाली-1 वरून एनएडीपीकडे न जाता मागे वळतात आणि पुन्हा तोच उतार उतरतात. त्यातून फक्त एटीपी मिळतं. एनएडीपीएच बनत नाही, पाणी फुटत नाही, ऑक्सिजन सुटत नाही. पुस्तकातल्या ‘चक्रीय प्रकाशफॉस्फोरिलीकरण’ या परिच्छेदाचं प्रयोजन हे आहे.

कार्बनचा माग

थायलॅकॉइडच्या भोवती जो द्रव भरलेला असतो, त्याला स्ट्रोमा म्हणतात. कार्बन पहिल्यांदा बांधला जातो तो इथे. त्याची वाट शोधली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन, जेम्स बॅशम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

त्यांच्या हाती कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन होता. तो रूबेन आणि केमन यांनी 1940 मध्ये शोधला होता. चपट्या काचपात्रात हिरवं शैवाल ठेवून त्यावर उजेड टाकायचा, खुणेचा कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि ठरावीक सेकंदांनी शैवाल गरम अल्कोहोलमध्ये ओतून सगळ्या अभिक्रिया जागीच थांबवायच्या, अशी पद्धत होती. मग त्यातली संयुगं कागदावर एका दिशेने आणि नंतर काटकोनात दुसऱ्या दिशेने वेगळी करायची आणि तो कागद एक्स-रे फिल्मवर ठेवायचा. जिथे खुणेचा कार्बन असेल, तिथे काळा डाग उमटे.

मिनिटभर थांबलं, तर फिल्मवर डागांची गर्दी होई: साखरा, आम्लं, अमिनो आम्लं. वेळ कमी करत पाच सेकंदांवर आणला, तेव्हा बहुतेक खूण एकाच संयुगात सापडली. ते तीन कार्बनचं फॉस्फोग्लिसरिक आम्ल, म्हणजे पीजीए, होतं. कार्बनचा पहिला मुक्काम कळला. या कामासाठी कॅल्विन यांना 1961 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पीजीएत तीन कार्बन असल्यामुळे दोन कार्बनच्या कशाला तरी एक कार्बन जोडला जात असावा, असं आधी वाटलं. असं दोन कार्बनचं संयुग काही सापडलं नाही. खरा स्वीकारणारा निघाला पाच कार्बनचा: रायब्युलोज बिसफॉस्फेट, म्हणजे आरयूबीपी. पाच अधिक एक, सहा. तो सहा कार्बनचा रेणू टिकत नाही, लगेच फुटून दोन पीजीए होतात. रुबिस्को हे एन्झाइम हे काम करतं.

आता तीन कार्बन डायऑक्साइडचे रेणू घेऊन एक फेरी मोजू. तीन आरयूबीपीत 15 कार्बन. त्यांना तीन जोडले, झाले 18. त्यातून सहा पीजीए, प्रत्येकी तीन कार्बनचे. इथपर्यंत एटीपीही लागलेलं नाही आणि एनएडीपीएचही लागलेला नाही. कार्बन आत आला आहे, पण सूर्याची ऊर्जा अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

पुढच्या पायरीवर सहा एटीपी आणि सहा एनएडीपीएच खर्च होतात आणि सहा पीजीएचे सहा ट्रायोज फॉस्फेट बनतात. कार्बन अजूनही अठराच आहेत. बदललं ते इतकंच, की आता त्यांच्यावर वरच्या पातळीचे इलेक्ट्रॉन बसले आहेत. कार्बनची वाट आणि ऊर्जेची मुख्य वाट संपूर्ण धड्यात एकमेकींना मिळतात, त्या या पायरीवर.

सहांपैकी एक ट्रायोज फॉस्फेट, म्हणजे तीन कार्बन, चक्रातून बाहेर पडतो. उरलेल्या पाचांमध्ये 15 कार्बन असतात. त्यांची जुळवाजुळव होऊन पुन्हा पाच कार्बनचे तीन आरयूबीपी तयार होतात आणि त्यासाठी आणखी तीन एटीपी लागतात. तीन कार्बन आत, तीन बाहेर. खर्च नऊ एटीपी आणि सहा एनएडीपीएच. ग्लुकोजसाठी याची दुप्पट करायची, म्हणजे वरचे 18 आणि 12 मिळतात.

समीकरणात ग्लुकोज लिहिलेलं असलं, तरी चक्रातून थेट ग्लुकोज बाहेर पडत नाही. बाहेर पडणाऱ्या ट्रायोज फॉस्फेटपासून हरितलवकातच स्टार्च बनतो, नाहीतर हरितलवकाबाहेर सुक्रोज बनून ती झाडाच्या इतर भागांत जाते.

दिवा बंद केल्यावर

शाळेत पानाला काळा कागद लावून, नंतर आयोडीन टाकून, झाकलेल्या भागात स्टार्च नसल्याचं दाखवतात. या प्रयोगातून प्रकाश लागतो एवढं कळतं. पण काम कोणत्या पायरीवर अडलं, हे कळत नाही. ते बर्कलीच्या गटाच्या पुढच्या प्रयोगांतून कळलं.

त्यांनी शैवालाला खुणेचा कार्बन देऊन चक्र नीट चालू दिलं आणि मग एकदम दिवा बंद केला. क्षणात पीजीए वाढला आणि आरयूबीपी घटला. हे घडायलाच हवं होतं. प्रकाश गेल्यावर एटीपी आणि एनएडीपीएच मिळेनासे होतात, म्हणून पीजीए पुढे जाऊ शकत नाही आणि साठतो. आरयूबीपी मात्र शिल्लक असेपर्यंत कार्बन डायऑक्साइडला जोडलं जातच राहतं, कारण त्या पायरीला ऊर्जा लागत नाही. नवं आरयूबीपी तयार व्हायला एटीपी हवं, ते नसल्यामुळे त्याचा साठा संपत येतो.

मग 1955 मध्ये विल्सन आणि कॅल्विन यांनी उलटं केलं. दिवा चालू ठेवला आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण 1 टक्क्यावरून एकदम 0.003 टक्क्यांवर आणलं. या वेळी आरयूबीपी साठलं आणि पीजीए घटला. कार्बन कशाला जोडला जातो आणि जोडल्यावर काय बनतं, या दोन्हींची ओळख या दोन प्रयोगांनी एकत्रितपणे पटवली. परीक्षेत ‘प्रकाश बंद केल्यास काय होईल’ असा प्रश्न आला, तर पाठांतरापेक्षा हा विचार कामी येतो: कोणत्या पायरीला काय लागतं, आणि ते न मिळाल्यास कोणत्या पायरीच्या आधी माल साठेल?

याच प्रयोगातून आणखी एक गैरसमज दूर होतो. कार्बन बांधणाऱ्या टप्प्याला अंधार अभिक्रिया म्हणतात, त्यामुळे तो रात्री चालतो असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात दिवा गेल्यावर तो थोड्याच वेळात थांबतो. एक तर एटीपी आणि एनएडीपीएच यांचा साठा फार थोडा असतो. शिवाय या चक्रातली काही एन्झाइमं प्रकाश असतानाच जागी होतात. उजेडात प्रोटॉन थायलॅकॉइडच्या आत जातात, त्यामुळे स्ट्रोमाचा सामू सुमारे 7 वरून 8 कडे सरकतो आणि ही एन्झाइमं त्या सामूवर नीट चालतात. प्रकाशप्रणाली-1 कडून आलेले काही इलेक्ट्रॉन थायोरेडॉक्सिन या प्रथिनामार्फत त्यांना चालूही करतात. अंधार झाला, की ती बंद पडतात.

ऊर्जा कुठे गळते

आता पूर्ण वाटेवरची ऊर्जा मोजता येते. एका ग्लुकोजसाठी पाण्यातून 24 इलेक्ट्रॉन निघावे लागतात, प्रत्येकाला दोन फोटॉन, म्हणजे किमान 48. तांबड्या प्रकाशाच्या, 680 नॅनोमीटरच्या, एक मोल फोटॉनांत सुमारे 176 किलोज्यूल ऊर्जा असते. 48 मोलची झाली साधारण 8,450. एटीपी आणि एनएडीपीएच मिळून त्यातले सुमारे 3,190 उरतात. शेवटी ग्लुकोजमध्ये येतात 2,870.

मोठी गळती प्रकाश अभिक्रियेत आहे: इलेक्ट्रॉन वरून खाली उतरताना जी ऊर्जा प्रोटॉनमध्ये पकडली जात नाही, ती उष्णता होते. कॅल्विन चक्राचं काम मात्र फार काटकसरीचं आहे. मिळालेल्या ऊर्जेतला नव्वद टक्के भाग साखरेत उतरतो. एकूण मिळून तांबड्या प्रकाशातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा. शेतात हा आकडा खूपच खाली येतो, कारण सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग हरितद्रव्याच्या उपयोगाचा नसतो, काही प्रकाश परावर्तित होतो आणि झाड स्वतः श्वसनात साखर वापरतं.

कार्बनच्या वाटेवरही एक गळती आहे आणि ती रुबिस्कोपाशी आहे. हे एन्झाइम मंद आहे, सेकंदाला साधारण तीन रेणू बांधतं. आणि त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत पूर्ण फरक करता येत नाही. भात, गहू, सोयाबीन, तूर यांसारख्या पिकांत साधारण 25 अंश तापमानाला चार-पाच वेळांतून एकदा ते ऑक्सिजनच पकडतं. उष्णता वाढली, की हे प्रमाणही वाढतं. मग एका पीजीएबरोबर दोन कार्बनचं एक निरुपयोगी संयुग बनतं. अशा दोन संयुगांमधून एक पीजीए परत मिळवता येतो, पण चारपैकी एक कार्बन पुन्हा हवेत जातो आणि एटीपी वाया जातं. प्रकाशश्वसन म्हणतात ते हेच.

ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी इथे वेगळी व्यवस्था केली आहे. उसावर कार्बन-14 चा प्रयोग केला, तेव्हा पहिला मुक्काम पीजीएत न सापडता चार कार्बनच्या मॅलिक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लांत सापडला. हे हवाईमध्ये ह्यूगो कोर्चाक यांच्या गटाने दाखवलं आणि 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी त्याची संपूर्ण वाट उलगडली. बाहेरच्या पेशींमध्ये दुसरं एन्झाइम कार्बन पकडतं आणि ते ऑक्सिजनला भुलत नाही. चार कार्बनचं आम्ल शिरेभोवतीच्या पेशींत जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तिथल्या दाट कार्बन डायऑक्साइडमध्ये रुबिस्को क्वचितच चुकतं. तिथून पुढे तेच कॅल्विन चक्र, तेच पीजीए.

ही सोय फुकट मिळत नाही. प्रत्येक कार्बनमागे आणखी दोन एटीपी लागतात, म्हणजे ग्लुकोजमागे 18 ऐवजी 30. भरपूर ऊन आणि उष्णता असेल तेव्हा हा खर्च परवडतो, कारण प्रकाशश्वसनातलं नुकसान त्याहून मोठं असतं. थंड किंवा सावलीच्या ठिकाणी तीन कार्बनवाल्या गव्हाची साधी वाट स्वस्त पडते. उन्हाळ्यात ऊस झपाट्याने वाढतो, यात इतर कारणांबरोबर या तीस एटीपींचाही वाटा आहे. कार्बनची वाट लांबवून ऊर्जा जास्त खर्च केली आणि कार्बन गमावणं टाळलं, असा हा व्यवहार आहे. तो समजायचा तर दोन्ही वाटा वेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. म्हणून अकरावीतल्या मुलांनी या धड्यातल्या दोन्ही आकृत्या एकाच कागदावर, दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढाव्यात: एक रंग फक्त कार्बनसाठी, दुसरा फक्त ऊर्जेसाठी. पीजीएपर्यंत कार्बनच्या रेषेजवळ ऊर्जेचा रंग आला, किंवा थायलॅकॉइडमध्ये कार्बनचा रंग शिरला, तर आकृती पुन्हा तपासायची.